सरासरी पातळीवरून शेतसपाटीकरणाचा मातीकाम अंदाज

शेत सपाट करताना उंच भागातली माती काढून सखल भागात भरतात. बाहेरून माती आणायची नसेल आणि उरूही द्यायची नसेल, तर शेताची तयार पातळी मूळ पातळ्यांच्या सरासरीइतकी धरावी लागते.

शेताचे सारखे चौरस पाडून प्रत्येकाच्या मध्यावर खुंटी ठोकतात आणि लेव्हल व स्टाफने तिथल्या जमिनीची पातळी घेतात. समजा, ६० × ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस गुंठ्यांच्या शेतात २० मीटरचे नऊ चौरस आहेत. पातळ्या मीटरमध्ये अशा आल्या: पहिल्या ओळीत १००.४२, १००.३५, १००.२६; दुसरीत १००.३०, १००.२२, १००.१०, तिसरीत १००.१६, १००.०५, ९९.९४. बेरीज ९०१.८०, सरासरी १००.२०. यापेक्षा उंच असलेल्या पाच खुंट्यांवरची खोदाई मिळून ५५ सेंटिमीटर होते आणि उरलेल्या चार खुंट्यांवरचा भरावही ५५. प्रत्येक चौरस ४०० चौरस मीटरचा, म्हणून काम २२० घनमीटर.

दोन्ही बेरजा जुळल्या म्हणजे आकडेमोड बरोबर. स्टाफ चुकीचा वाचला गेला असेल, तर मात्र ते यातून कळत नाही; एका खुंटीवरची ९ सेंटिमीटरची चूक सरासरी १ सेंटिमीटरने हलवते आणि बेरजा तरीही जुळतात. म्हणून शेवटी मूळ खुणेवर परत वाचन घ्यावे आणि शेजाऱ्यांशी न जुळणारी खुंटी पुन्हा मोजावी.

प्रत्यक्षात सरासरीवर काम केले तर भरावाला माती कमी पडते. यंत्राखाली खोदलेला भागही दबतो आणि भराव नंतर बसतो. त्यामुळे तयार पातळी थोडी खाली घेतात. वरच्या शेतात ती १००.१८ धरली तर खोदाई २६० आणि भराव १८८ घनमीटर येतो, म्हणजे जवळपास १.४ पट. मातीनुसार हे गुणोत्तर साधारण १.२ ते १.५ असते. २६० घनमीटर म्हणजे जवळपास ९२ ब्रास; पण ही जागेवरची घट्ट माती. ट्रॉलीत ती फुगते, म्हणून ट्रॉल्या मोजून पैसे द्यायचे असतील तर आकडा वाढतो. हिशेब कशावर, हे आधी ठरवून घ्यावे.

खुंट्या चौरसांच्या कोपऱ्यांवर ठोकल्या असतील तर साधी सरासरी चालत नाही. शेताच्या कोपऱ्यातल्या खुंटीला १, कडेच्या खुंटीला २ आणि आतल्या खुंटीला ४ असा भार द्यावा लागतो. एकसारख्या उताराच्या शेतात फरक नगण्य पडतो, पण मध्ये खोलगट किंवा उंचवटा असेल तर तो चांगलाच जाणवतो. खोदाई संपून भराव सुरू होतो त्या चौरसात दोन्ही कामे असतात आणि मधली एक खुंटी त्यांना एकमेकांत मिटवून टाकते. तिथे अंदाज कमी येतो, म्हणून चौरस लहान घ्यावेत.

या पद्धतीला मातीची खोली दिसत नाही. वरच्या उदाहरणात सर्वांत खोल खोदाई २४ सेंटिमीटर आहे. हलक्या जमिनीत तेवढ्यावरच मुरूम लागतो. अशा ठिकाणी वरची माती आधी बाजूला काढून नंतर परत पसरावी, नाहीतर शेताचे दोन-तीन टप्पे पाडून प्रत्येकाची सरासरी वेगळी काढावी.