गर्भावस्थेतील ग्लुकोज सहनशीलता चाचणी

गर्भवती स्त्रीला ठरावीक मापाचे ग्लुकोज पाजून त्यानंतर ठरावीक वेळांना रक्तातील साखर मोजण्याची चाचणी. सातारा-सांगली भागात दवाखान्यात आणि घरात तिला ‘जीटीटी’, ‘शुगरची टेस्ट’ किंवा नुसते ‘ग्लुकोजचे पाणी’ म्हणतात. गरोदरपणात वार काही संप्रेरके तयार करते. त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो आणि २४ व्या आठवड्यानंतर ही घट ठळक होते. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड तेवढे जादा इन्सुलिन पुरवू शकत नाही, तिची साखर वाढते. बहुतेक वेळा तिला काहीच जाणवत नाही, म्हणून तक्रार असो वा नसो, चाचणी करावी लागते. नेहमीची वेळ २४ ते २८ आठवडे. सरकारी कार्यक्रमात पहिल्या तपासणीच्या वेळीही ती एकदा करतात.

मर्यादा आणि त्यांचे मूळ

आपल्याकडे दोन पद्धती शेजारी शेजारी चालतात आणि अहवाल वाचताना होणारा गोंधळ बहुतेक यातूनच येतो. दोन्हींत ७५ ग्रॅम ग्लुकोजच देतात, पण नियम वेगळे आहेत.

पहिली तीन आकड्यांची. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त देतात, ग्लुकोज पितात, मग एका तासाने आणि दोन तासांनी पुन्हा रक्त देतात. मर्यादा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. तिन्हींपैकी एकच आकडा मर्यादेला टेकला किंवा वर गेला तरी गर्भावस्थेतील मधुमेहाचे निदान होते. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत २०१३ मध्ये स्वीकारली.

दुसरी एका आकड्याची. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय या सरकारी साखळीत भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हीच वापरतात. यात उपाशी असण्याची अट नाही. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी एकदाच साखर मोजायची आणि १४० किंवा त्याहून जास्त आली तर निदान पक्के. पाटण किंवा जतच्या आतल्या गावातून एसटीने येणाऱ्या स्त्रीला उपाशीपोटी बोलावले तर ती दुपारपर्यंत उपाशी राहते किंवा येतच नाही. हे लक्षात घेतले की या पद्धतीचे कारण समजते.

तीन आकड्यांच्या मर्यादा ज्या अभ्यासातून आल्या, त्याचे नाव ‘हापो’. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नऊ देशांतील २३,३१६ गर्भवतींच्या चाचण्या होत्या. भारतातील केंद्र त्यात नव्हते. साखर अमुक आकड्यापर्यंत निर्धोक आणि पुढे घातक अशी पायरी त्यात कुठेच सापडली नाही. साखर जसजशी चढते तसतसे बाळ जास्त वजनाचे होण्याचे आणि नाळेतील रक्तात बाळाचे स्वतःचे इन्सुलिन वाढलेले असण्याचे प्रमाण सलग चढत जाते. मग तज्ज्ञांनी असे बिंदू निवडले, जिथे या परिणामांची शक्यता सरासरी साखर असलेल्या स्त्रीच्या पावणेदोन पट भरते. म्हणजे ९१ आणि ९२ यांत शरीराच्या दृष्टीने भिंत नाही. ती रेघ उपचार कुठून सुरू करायचे हे ठरवण्यापुरती आहे.

एकच आकडा पुरेसा का, याचे उत्तरही इथेच आहे. उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोजनंतरची साखर या शरीरातील दोन वेगळ्या कामांच्या खुणा आहेत. रात्री यकृत स्वतःहून साखर सोडते आणि इन्सुलिन तिला आवर घालते. तो आवर सैल पडला की सकाळचा आकडा चढतो. जेवणानंतर इन्सुलिन वेळेवर आणि पुरेसे सुटावे लागते. ते उशिरा सुटले की एका किंवा दोन तासांचा आकडा चढतो. एक काम बिघडलेले आणि दुसरे शाबूत, असे सर्रास आढळते. म्हणून ‘तीनपैकी दोन चांगले आहेत’ ही समजूत दिलासा देते, पण ती खरी नाही. ती बहुधा जुन्या १०० ग्रॅमच्या चाचणीतून आली असावी. त्या चाचणीत चारपैकी दोन आकडे वाढलेले असावे लागतात.

एक अहवाल वाचून पाहू

उदाहरणादाखल, कराडमध्ये तीन आकड्यांची चाचणी केलेली २७ आठवड्यांची पहिलटकरीण घेऊ. उपाशीपोटी ९६, एका तासाने १५८, दोन तासांनी १३१. नंतरचे दोन्ही आकडे मर्यादेच्या बरेच खाली आहेत. हीच स्त्री त्याच दिवशी उपकेंद्रात एका आकड्याची चाचणी करून आली असती, तर दोन तासांचा आकडा १४० च्या आत येऊन ‘नॉर्मल’ लिहिले गेले असते. तरीही तीन आकड्यांच्या नियमाने तिला गर्भावस्थेतील मधुमेह आहे. ज्या पद्धतीने चाचणी केली, त्याच पद्धतीच्या मर्यादेने ती वाचायची. सोयीचा आकडा मिळावा म्हणून दुसऱ्या पद्धतीची मर्यादा लावणे चूक आहे.

आता ९६ खरे आहेत का, ते तपासायचे. रात्री नऊला भाकरी-आमटी जेवली आणि सकाळी साडेआठला रक्त दिले, म्हणजे साडेअकरा तास झाले. ८ ते १४ तासांचा उपास चालतो, त्यामुळे हे ठीक. निघताना चहा घेतला का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. ‘काही खाल्लं नाही’ असे सांगणाऱ्या पुष्कळ जणी साखरेचा अर्धा कप चहा खाण्यात धरत नाहीत. ताप होता का? बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून देतात ते स्टिरॉइडचे इंजेक्शन आदल्या आठवड्यात झाले होते का? दोन्हींनी साखर चढते. नमुना बोटातून घेतला असेल तर हात धुतले होते का? बोटाला ग्लुकोजची भुकटी किंवा गूळ लागलेला असला तर ग्लुकोमीटर तोही मोजतो.

चहा, ताप आणि इंजेक्शन या तिन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील आणि रक्त शिरेतून घेतले असेल, तर ९६ खरे मानावेत. नमुना प्रयोगशाळेत उशिरा पोहोचला, ही शंका इथे लागू पडत नाही, कारण उशिराने आकडा वाढत नाही, तो उतरतो. नळीतील रक्तपेशी साखर खात राहतात आणि खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. राखाडी बुचाच्या नळीतील फ्लोराइड ही झीज थांबवते, पण त्याचा अंमल बसायला तास-दोन तास लागतात. उशिराचा हा धोका उलट्या बाजूचा आहे. आटपाडीला सकाळी घेतलेला ९६ चा नमुना सांगलीला दुपारी तपासला तर ९० येऊ शकतो आणि खरे निदान निसटते. नमुना बर्फात ठेवणे किंवा तासाभरात रक्तद्रव वेगळा करणे, हे यावरचे उपाय. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या नळीचा ‘नॉर्मल’ अहवाल विश्वासाने वाचू नये.

चाचणी परत करावी का? अट मोडली असेल तर जरूर करावी. नुसता आकडा मर्यादेजवळ आहे म्हणून करू नये. एकाच स्त्रीचे आकडे दोन दिवसांत थोडे वेगळे येतातच, त्यामुळे चांगला आकडा येईपर्यंत चाचण्या करत गेले तर तो कधीतरी येतो. त्यात चार आठवडे जातात, आणि नेमक्या याच आठवड्यांत बाळाचे वजन वेगाने वाढत असते.

ग्लुकोज पाजताना

पाण्याचे प्रमाण सुमारे ३०० मिलिलिटर. ७५ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचे माप आहे. पाण्याच्या रेणूसह असलेली भुकटी असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते, म्हणून पाकिटावरची ओळ वाचावी. पेय ५ ते १० मिनिटांत संपवायचे आणि घड्याळ पहिल्या घोटापासून लावायचे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर झाली तर सरकारी सूचनांनुसार चाचणी पुढे चालू ठेवतात. मधल्या वेळात बसून राहावे. बाजारात फेरी मारून आल्यास स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा उतरतो.

आदले तीन दिवस जेवण नेहमीचे असावे. शुगर निघेल या धास्तीने भात-भाकरी सोडून आलेल्या स्त्रीचे शरीर अचानक मिळालेल्या ग्लुकोजला मंद प्रतिसाद देते आणि आकडा उलट चढतो. एकादशी, चतुर्थी किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा कडक उपास आदल्या दिवशी आला असेल तर तारीख पुढे ढकलावी.

एक आकडा वाढल्यावर पुढे

वरच्या उदाहरणातील स्त्रीला लगेच इन्सुलिन देत नाहीत. आधी दोन आठवडे आहार आणि चालणे. दिवसाचे खाणे तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळांत वाटायचे. भाकरीचे प्रमाण ठरवायचे आणि सोबत डाळ, उसळ, अंडे किंवा दही घ्यायचे. उसाच्या पट्ट्यात ‘गूळ चालतो’ असे ठामपणे सांगितले जाते, पण साखर चढण्याच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत धरावा असा फरक नाही.

दोन आठवड्यांनी मोजताना कोणता आकडा वाढला होता हे विसरू नये. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली, हे लक्ष्य असते. या स्त्रीची फक्त जेवणानंतरची साखर पाहिली तर ती पहिल्या दिवसापासून छान दिसेल आणि मूळ बिघाड झाकलेला राहील. तिची सकाळची साखरच मोजायला हवी. जेवणानंतरचा वाढलेला आकडा आहाराने पुष्कळदा आटोक्यात येतो. सकाळचा आकडा जास्त चिवट असतो, कारण तो रात्रीच्या यकृतावर अवलंबून असतो. तो उतरला नाही तर डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा रात्रीचे इन्सुलिन सुरू करतात.

चाचणीतच उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० पार झाले असतील तर तो आधीपासूनचा मधुमेह समजतात. तिथे आहाराची वाट पाहण्यात वेळ घालवत नाहीत.

इथली एक गोष्ट वेगळी लिहायला हवी. चाचणी सहाव्या-सातव्या महिन्यात होते आणि पहिलटकरीण त्याच सुमारास डोहाळजेवण उरकून माहेरी जाते. निदान कराडला, बाळंतपण तासगावला. फाईल सोबत गेली नाही तर नव्या दवाखान्यात ९६ चा आकडा कुणाला ठाऊकच नसतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची चाचणी परत करायची असते. ही चाचणी सर्वाधिक चुकते, कारण तोवर सगळे लक्ष बाळाकडे गेलेले असते. तेव्हा गरोदरपणाच्या मर्यादा लागू नसतात. दोन तासांनी १४० च्या आत असेल तर साखर सामान्य, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि २०० पासून मधुमेह. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी याच आठवड्यात येते, आणि आई त्या दिवशी केंद्रात आलेलीच असते. तिला आदल्या दिवशी निरोप देऊन उपाशीपोटी बोलावले, तर एकाच खेपेत दोन्ही कामे होतात.