सोसायटीच्या एजीएमची नोटीस काढताय? आधी तारखा मोजा, मग कोरमची ओळ लिहा

सप्टेंबर आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या सगळ्या सेक्रेटरींची धावपळ सुरू, कारण वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. पण बहुतेक सभा अडकतात त्या नोटिशीमुळेच.

आदर्श उपविधींप्रमाणे एजीएमला पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते, आणि यात नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. समजा ऐरोलीतली 48 सभासदांची सोसायटी 28 सप्टेंबर 2025 ला, रविवारी सकाळी 10 ला सभा घेतेय, तर नोटीस 13 तारखेपर्यंत सगळ्यांच्या हातात गेलीच पाहिजे, 14 ला दिली की एक दिवस कमी पडला आणि हरकत घेणाऱ्याचं काम झालं. नुसतं बोर्डावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून भागवू नका, सही घेऊन द्या, बाहेरगावी राहणाऱ्यांना पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा आणि पुरावा जपून ठेवा. एक प्रत निबंधक कार्यालयाला.

सोबत मागच्या सभेचं इतिवृत्त, कमिटीचा अहवाल, ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट आणि पुढच्या वर्षाचं बजेट जोडायचं. विषयपत्रिकेत शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" असतंच, पण त्यात लिफ्ट बदलायचा मोठा खर्च घुसवायचा नाही, ज्याला आधी नोटीस द्यायला हवी तो विषय तिथे चालत नाही.

आता कोरम. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यातला जो आकडा कमी तो. म्हणजे 48 चे दोन तृतीयांश 32 होतात तरी इथे 20 पुरतात, 24 सभासदांच्या छोट्या सोसायटीत मात्र 16 लागतात. साडेदहापर्यंत वीस जण जमले नाहीत (रविवारी सकाळी जमणं अवघडच म्हणा) तर सभा तहकूब. इथेच खरी गंमत आहे, "कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच दिवशी 11 वाजता याच ठिकाणी घेण्यात येईल" हे नोटिशीतच छापलेलं असेल तर 11 ला पुन्हा बसता येतं, आणि त्या सभेला कोरमची अटच नाही, फक्त विषय तेच मूळचे. ही ओळ विसरलात तर किमान 7 आणि जास्तीत जास्त 30 दिवसांनंतरची तारीख, म्हणजे इथे 30 सप्टेंबर हुकलाच! रिडेव्हलपमेंटच्या सभेला मात्र ही वीसची सवलत नाही, 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे तिथे दोन तृतीयांशच हवेत, म्हणजे 32.

मतदानात एका सभासदाला एकच मत, मग फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला तरी. प्रॉक्सी किंवा मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या भाच्याला बसवू नका. साधे ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने, उपविधी दुरुस्तीला त्यातले दोन तृतीयांश, आणि समसमान मतं पडली की अध्यक्षांचं निर्णायक मत. सह्यांचं रजिस्टर दारातच ठेवा, कोरमवर वाद झाला तर आधी तेच मागतात.