ए ते ई, आणि मग एकदम के: जीवनसत्त्वांच्या नावांतली अक्षरे

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांच्या पाकिटामागचा मजकूर वाचला, तर बी-१, बी-२, बी-३, बी-५, बी-६ आणि बी-१२ असे आकडे दिसतात. बी-४, बी-८, बी-१० यांचा पत्ता नसतो. मूळ अक्षरांचेही तसेच आहे, कारण ए, बी, सी, डी, ई यांच्यानंतर थेट के येते. मधली अक्षरे कोणी विसरलेले नाही. ती एकेकाळी वापरली गेली होती आणि नंतर रिकामी झाली.

ही अक्षरे दिली गेली तेव्हा ती ज्यांना दिली ते पदार्थ कोणी पाहिलेच नव्हते. १९१३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे एल्मर मॅककॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांना असे दिसले की, आहारातील स्निग्धांश म्हणून डुकराची चरबी दिलेल्या उंदरांची वाढ काही आठवड्यांनी थांबते, पण लोण्यातील स्निग्धांश दिला की ती पुन्हा सुरू होते. या अज्ञात घटकाला पुढे ‘स्निग्धविद्राव्य ए’ म्हटले गेले आणि मज्जातंतू व हृदय दुबळे करणारा बेरीबेरी हा रोग रोखणाऱ्या दुसऱ्या घटकाला ‘जलविद्राव्य बी’. गंमत अशी की, उंदरांना दिलेली दुधातील साखर पुरेशी शुद्ध नव्हती व तिच्यातून बी आपोआपच मिळत होते. म्हणूनच सुरुवातीला केवळ ए चा अभाव उघडा पडला. १९२० मध्ये जॅक ड्रमंड यांनी ‘व्हिटॅमिन ए, बी, सी’ अशी सुटसुटीत नावे सुचवली आणि हिरड्यांतून रक्त आणणारा स्कर्व्ही हा रोग टाळणारा घटक सी ठरला. मुडदूस बरा करणारा घटक डी आणि उंदरांच्या प्रजननासाठी आवश्यक असलेला घटक ई, असा क्रम पुढेही काही काळ नीट चालला.

गोंधळ सुरू झाला तो बी पासून, कारण पाण्यात विरघळणे हा एका पदार्थाचा नव्हे तर अनेक पदार्थांचा गुण आहे. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत यीस्ट दाबाखालील वाफेत तापवून पाहण्यात आले. असे यीस्ट खाणाऱ्या प्राण्यांना बेरीबेरीसारखा मज्जातंतूंचा विकार होई, म्हणजे तो रोखणारा घटक उष्णतेने नष्ट झाला होता. मात्र त्वचा, पचन आणि मेंदू यांवर परिणाम करणारा पेलाग्रा हा रोग रोखण्याचा गुण त्याच यीस्टमध्ये शाबूत होता. अर्थात बी मध्ये किमान दोन घटक होते. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्यांना बी-१ आणि बी-२ म्हटले, तर अमेरिकेत काहींनी एफ आणि जी ही नवी अक्षरे सुचवली. त्यांपैकी जी हे पेलाग्रावर काम करणाऱ्या जोसेफ गोल्डबर्गर यांच्या आडनावाचे आद्याक्षर होते. आकड्यांची पद्धत टिकली आणि ती दोन्ही अक्षरे मोकळी झाली.

पण बी-२ सुद्धा एक नव्हते. १९३३ साली त्यातून रायबोफ्लेविन हा पिवळा पदार्थ वेगळा काढला गेला. त्याने उंदरांची वाढ झाली, पण पेलाग्रा हटेना. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी पेलाग्रासारखाच विकार झालेल्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल देऊन बरे केले. अशा रीतीने बी-२ हा आकडा रायबोफ्लेविनकडे राहिला आणि ज्या रोगामुळे तो घटक शोधला जात होता, त्याचे औषध बी-३ म्हणून ओळखले जाऊ लागले. उष्णता किंवा गाळणी यांच्या आधारे पाडलेल्या प्रत्येक विभागाला आकडा मिळत गेला. त्यांतले काही आकडे तपासात टिकले नाहीत: बी-४ म्हटलेले अॅडेनिन आणि बी-८ म्हटलेले इनॉसिटॉल शरीर स्वतः तयार करते, त्यामुळे ही नावे यादीतून गळली. फ्रान्समध्ये मात्र बी-८ म्हणजे आजही बायोटिन, ज्याला इतरत्र बी-७ म्हणतात आणि जर्मन भाषेतील त्वचेच्या शब्दावरून पूर्वी एच म्हणत.

फोलिक आम्लाला तर एकाच वेळी अनेक नावे होती. ल्युसी विल्स यांनी मुंबईत गरोदर स्त्रियांमधील एका प्रकारच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो सुधारतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले; तो अज्ञात घटक ‘विल्स घटक’ झाला. माकडांवर प्रयोग करणाऱ्यांनी अशाच एका घटकाला एम म्हटले, कोंबडीच्या पिलांवर काम करणाऱ्यांनी बी-सी. १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून फोलिक आम्ल मिळवले गेले. हे सारे शोध एकाच पदार्थाभोवती फिरत होते हे नंतर स्पष्ट झाले आणि त्याला बी-९ हा आकडा मिळाला.

के हे अक्षर मात्र एका शब्दाशीही जुळणारे होते. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम स्निग्धांश काढून टाकलेला आहार कोंबडीच्या पिलांना देत होते, तेव्हा पिलांच्या शरीरात रक्तस्राव होऊ लागला आणि रक्त लवकर गोठेना. सी जीवनसत्त्व देऊनही तो थांबला नाही. म्हणून १९३५ साली डाम यांनी गुठळी होण्याच्या क्रियेसाठी असलेल्या ‘कोआगुलाट्सिओन’ या जर्मन शब्दाचे पहिले अक्षर या नव्या घटकाला दिले.