शॉवरच्या पडद्याची दांडी

शॉवरखालची ओली जागा बाथरूमच्या कोरड्या भागापासून वेगळी करणारा पडदा ज्या आडव्या नळीवर कड्यांनी लटकतो, ती ही दांडी. काचेचे पार्टिशन नसलेल्या बाथरूममध्ये कमोड, दार आणि पायपुसणे कोरडे राहणार की नाही, हे बहुतांशी ही दांडी कुठे आणि कशी बसवली आहे यावर ठरते. बाजारात तिचे तीन प्रकार मिळतात. पहिली दोन भिंतींमध्ये दाबून बसणारी, म्हणजे टेन्शन दांडी. दुसरी भोके पाडून स्क्रूने बसवायची सरळ दांडी, आणि तिसरी बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वळलेली.

टेन्शन दांडी ही एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांची असते. आत स्प्रिंग किंवा आटे असलेला स्क्रू असतो आणि दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या. दांडी भिंतींना जितक्या जोराने बाहेर रेटते, तितके रबर आणि टाइल यांच्यातले घर्षण वाढते. तिचे वजन तोलायला या घर्षणाशिवाय दुसरे काहीच नसते. पडदा आणि दांडी मिळून भार दीड-दोन किलोंचाच असतो आणि तो ती सहज पेलते. घसरण्याचे कारण बहुतेक वेळा टाइलवरचा साबणाचा पातळ थर असते. रबर कोरड्या टाइलला घट्ट धरते, पण त्याच टाइलवर साबण आणि वाफ बसली की पकड बरीच कमी होते. त्यातच कोणी ओला टॉवेल दांडीवर टाकला किंवा पाय सरकला म्हणून पडदा धरला, की दांडी खाली येते. म्हणून टोप्या लावायच्या आधी दोन्ही जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात, आणि टोपी ग्राउटच्या रेघेवर न ठेवता टाइलच्या सपाट भागावर ठेवावी.

बसवताना होणारी नेहमीची चूक अशी, की दांडी बरोबर भिंतीच्या मापाएवढी करून नुसती अडकवली जाते. स्प्रिंगची दांडी मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लांब करून, दाबून आत बसवायची असते. तेव्हाच स्प्रिंगला रेटायला काही शिल्लक राहते. स्क्रूची असेल तर ती जागेवर धरून, हाताने ओढल्यावर हलणार नाही इतकी पिळावी. विकत घेतानाही माप बघावे. १२० सेंटीमीटरच्या अंतरासाठी ७० ते १२० ची दांडी घेतली तर ती पूर्ण ताणली जाते आणि मधल्या जोडावर वाकते. तिथे ११० ते २०० ची दांडी बरी, कारण आतली नळी बाहेरच्या नळीत लांबवर राहते. दांडी सैल होते आहे हे पडण्याआधी कळते. टोपीच्या वरच्या कडेला टाइलवर रबराचा काळसर ओरखडा दिसू लागला, म्हणजे ती हळूहळू खाली सरकते आहे. घरमालक टाइलला भोक पाडू देत नाही अशा भाड्याच्या घरात हीच दांडी योग्य. अमेरिकेत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणारी मराठी मंडळीही बहुधा हीच वापरतात, पण तिथे भिंत जिप्सम बोर्डाची असेल तर फार पिळल्याने बोर्ड दबतो.

स्वतःच्या घरात सरळ, स्क्रूची दांडी बसवावी, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. तिच्यात भार स्क्रूवर येतो, टाइल कितीही निसरडी झाली तरी फरक पडत नाही. एक उदाहरण घेऊ. बाथरूम ४ फूट रुंद, म्हणजे १२० सेंटीमीटर, आणि ७ फूट लांब आहे. शॉवर आतल्या टोकाला आहे. पाणी अडवायला शॉवरच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर ग्रॅनाइटची ५ सेंटीमीटर उंच पट्टी बसवलेली आहे. दांडी पट्टीच्या बरोबर वर नको. ती ५ सेंटीमीटर आत, म्हणजे ८० वर हवी, म्हणजे पडद्यावरून ओघळणारे पाणी पट्टीच्या आतच पडते. पडदा १८० सेंटीमीटर लांब, कड्या साधारण ४ सेंटीमीटरच्या, आणि खाली ३ सेंटीमीटर मोकळे. तेव्हा दांडीची उंची १८७. पडद्याची खालची कड पट्टीच्या माथ्यापेक्षा खाली राहते, आणि लादीवर लोळतही नाही, त्यामुळे बुरशी कमी धरते. रुंदी अंतराच्या दीडपट, इथे १८०, घ्यावी. ताणून बसणाऱ्या पडद्याच्या दोन्ही कडांनी पाणी बाहेर येते.

ही उंची दोन्ही भिंतींवर लादीपासून वेगवेगळी मोजू नये. लादीला जाळीकडे उतार असतो, त्यामुळे दांडी तिरकी बसते आणि कड्या एका बाजूला घसरत राहतात. एकीकडे मोजून लेव्हलने दुसरीकडची खूण काढावी. शॉवरच्या मिक्सरच्या सरळ वर आणि खाली भिंतीत पाइप असतात, तो पट्टा सोडावा. टाइल नाण्याने वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला तर तिथे भोक पाडू नये, ती तडकते. खुणेवर मास्किंग टेप लावून आधी भाल्याच्या टोकाच्या टाइल बिटने, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, चकाकीचा थर पार करावा. मग ६ मिलीमीटरच्या बिटने आत जावे. नव्या इमारतींत मायव्हन पद्धतीची, म्हणजे साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत असेल, तर हा दुसरा टप्पा हॅमर ड्रिलशिवाय होत नाही. पीव्हीसी गट्टी ठोकण्याआधी भोकात थोडे सिलिकॉन सोडावे, म्हणजे पाणी टाइलमागे जात नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

वळलेली दांडी दिसायला मोकळी वाटते, पण तिचा जन्म बाथटबसाठीचा. टबमध्ये पडद्याचे टोक आत खोचता येते, त्यामुळे वर दांडी बाहेर वळली तरी पाणी टबातच पडते आणि कोपरांना जागा मिळते. शिवाय नहाताना पडदा आत ओढला जाऊन अंगाला चिकटतो, तोही जरा लांब राहतो. हे चिकटणे का होते, याचे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर विश्लेषण केले. फवाऱ्यामुळे हवेचा आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या मध्याशी दाब कमी असतो, असे त्यात दिसले. त्यांना २००१ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे बक्षीस, मिळाले. टब नसलेल्या बाथरूममध्ये मात्र पडदा सरळ खाली लोंबतो. वरच्याच उदाहरणात १५ सेंटीमीटर फुगवटा असलेली दांडी ८० वर लावली, तर मध्यावर पडदा ९५ वर येतो, म्हणजे पट्टीच्या १० सेंटीमीटर बाहेर, आणि सगळे पाणी कोरड्या बाजूला. ते टाळायला टोके ६५ वर आणली, तर मध्यावर जेमतेम ८० मिळतात आणि कडांना १५ सेंटीमीटर जागा उलट कमी होते. पट्टी नसून लादीचा उतार बराच अलीकडपासून जाळीकडे असेल, तरच ती घ्यावी. तेव्हाही ती स्क्रूची हवी. फुगवट्याचे वजन दोन टोकांच्या रेषेबाहेर पडते, त्यामुळे दाबून बसवलेली वळलेली दांडी खाली फिरू पाहते.

धातूबद्दल एवढेच, की क्रोमचा मुलामा दिलेले साधे लोखंड चुंबकाला घट्ट चिकटते. स्टेनलेसचे ३०४ आणि स्वस्त २०२ हे दोन्ही प्रकार सहसा चिकटत नाहीत, त्यामुळे त्यांतला फरक चुंबकाने कळत नाही. टेन्शन दांडीत पहिला गंज आतली नळी बाहेरच्या नळीत शिरते त्या जोडावर दिसतो. टाइल धुण्याचे ऍसिड दांडीवर उडाले तर चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात, म्हणून ते वापरल्यावर दांडी लगेच साध्या पाण्याने धुवून पुसावी.