पार्श्वभूमी : ‘फसलेला प्रकल्प’ या शब्दाचा गुंता आणि प्रबंधाचे दुसरे प्रकरण

कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगसाठी आलेले प्रबंध चाळले, तर दुसरे प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, बहुतेकांचे सारखेच निघते. अमुक यांनी मलेशियात अभ्यास केला, तमुक यांनी जॉर्डनमध्ये केला, आणखी कोणी भारतात केला, असे एकेका लेखकाला एकेक परिच्छेद देत वीस-पंचवीस पाने भरतात. शेवटी एक ठरलेले वाक्य येते : ‘वरील आढाव्यावरून असे दिसते की नाशिक शहरात असा अभ्यास झालेला नाही.’ तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक याच वाक्यावर बोट ठेवतात. सिन्नरमध्येही झालेला नाही, मग? विद्यार्थ्याकडे उत्तर नसते.

हे असे का होते, ते कळायला प्रकल्प का फसतात किंवा रखडतात या विषयातले साहित्य कसे जमत गेले ते पाहावे लागते. सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगता येतो. कोणत्याही कामाचे यश मोजक्याच गोष्टींवर ठरते, ही कल्पना व्यवस्थापनाच्या लिखाणात १९६१ पासून आहे. १९७९ च्या एका लेखाने तिला ‘क्रिटिकल सक्सेस फॅक्टर्स’ हे नाव रूढ करून दिले. १९८७ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी प्रकल्पांसाठी दहा घटकांची यादी मांडली आणि तिथून याद्यांचे पेवच फुटले. पुढच्याच वर्षी एका लेखाने सावध केले होते, की प्रकल्पाचे व्यवस्थापन यशस्वी होणे आणि प्रकल्प यशस्वी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूल वेळेत, पैशात बांधून झाला, पण त्यावरून कोणी जात नाही, तर काय म्हणायचे? हा लेख उद्धृत पुष्कळ होतो. त्यातला भेद मात्र पाळलेला फारसा दिसत नाही.

गुंता खरा वाढला तो १९९४ मध्ये. अमेरिकेतल्या एका सल्लागार संस्थेने संगणकप्रणालींच्या प्रकल्पांवर अहवाल काढला. त्यात १६.२ टक्के प्रकल्प यशस्वी, ५२.७ टक्के अडचणीतले आणि ३१.१ टक्के अर्ध्यात सोडलेले, अशी वाटणी होती. मी आजवर चाळलेल्या प्रबंधांपैकी निम्म्याहून जास्त प्रबंधांची सुरुवात याच आकड्यांनी होते, अगदी विषय बांधकामाचा असला तरी. ‘जगभरातील केवळ १६ टक्के प्रकल्प यशस्वी होतात’ असे ते वाक्य असते. अहवाल ना जगभरचा होता, ना सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांचा.

या अहवालावर तिन्ही बाजूंनी टीका झाली आणि ती आढाव्यात यायलाच हवी. पहिली बाजू माहिती कशी गोळा केली याची. संस्थेने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे फसलेल्या प्रकल्पांच्या हकिगतीच मागितल्या होत्या. हकिगती मागितल्यावर हकिगतीच येणार. दुसरी बाजू एका आकड्याची. अडचणीतल्या प्रकल्पांना ‘मूळ अंदाजाच्या १८९ टक्के’ खर्च येतो, असे त्यात होते. म्हणजे जादा खर्च ८९ टक्के. पुढे अनेकांनी जादा खर्चच १८९ टक्के धरला. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये इतर सर्वेक्षणे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा तिथे सरासरी जादा खर्च साधारण ३० टक्क्यांच्या आसपास दिसला.

तिसरी बाजू सर्वांत खोल जाते आणि मला तीच महत्त्वाची वाटते. ठरल्या वेळेत, ठरल्या खर्चात, ठरलेल्या सगळ्या सोयींसह जे पुरे होते तेच यशस्वी, अशी अहवालाची व्याख्या. तिच्यात अपयश मोजले जाते ते पहिल्या अंदाजापासून. आता एखाद्या ठेकेदाराने ५० लाखांच्या कामाचा अंदाज ८० लाख दिला आणि ७५ लाखांत काम केले, तर तो यशस्वी ठरतो. शेजारच्याने प्रामाणिकपणे ५० लाख सांगितले आणि ५२ लाख लागले, तर तो अडचणीतला. म्हणजे मोजले गेले ते अंदाजाचे धोरण. काम कसे झाले हे त्यात कुठेच आले नाही. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये १,२११ प्रकल्पांचे ५,४५७ अंदाज या व्याख्येला लावून पाहिले आणि आकडे दिशाभूल करतात असा निष्कर्ष काढला. अहवालाच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की अर्ध्यात सोडलेल्या प्रकल्पांकडे लक्ष त्यामुळेच गेले. तरी ३० वर्षांनंतर तोच आकडा पहिल्या ओळीत घालणे हा निव्वळ आळस आहे.

बांधकामाच्या बाजूला २००२ मध्ये असाच वाद वेगळ्या वाटेने आला. २० देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचे कागद तपासून एका गटाने दाखवले, की दहांपैकी नऊ प्रकल्पांत खर्च वाढला आणि वाढ सरासरी २८ टक्के होती. हा गट मोजणी सुरू करतो ती ‘बांधायचे ठरले’ त्या दिवसापासून. विरोधी गट म्हणतो, करारावर सही झाली तिथून मोजा. मग वाढ बरीच कमी दिसते. दोघांचे आकडे एकाच परिच्छेदात ‘याउलट’ हा शब्द घालून ठेवले, की वाचणाऱ्याला वाटते निष्कर्षच परस्परविरोधी आहेत. खरे तर फुटपट्टीचा शून्यच वेगळा आहे.

आपल्याकडचे बांधकामावरचे बहुतेक अभ्यास मात्र कागदांवर उभे नाहीत, ते मतांवर उभे आहेत. २०१२ च्या एका बहुचर्चित लेखात विलंबाची ४५ कारणे प्रश्नावलीत घातली होती. तेव्हापासून आपल्या भागातल्या प्रबंधांत तीच यादी थोडी कमीजास्त करून फिरते. प्रत्येक कारणाला एक ते पाच गुण द्यायला सांगतात, आणि गुणांच्या बेरजेला कमाल शक्य बेरजेने भागून ‘आरआयआय’, म्हणजे त्या कारणाचे सापेक्ष महत्त्व, काढतात. यात काय हरवते, ते एका छोट्या गणितात दिसते. दहा मालक आणि दहा ठेकेदार आहेत असे धरा. ‘बिले उशिरा मिळणे’ याला ठेकेदारांनी प्रत्येकी ५ गुण दिले आणि मालकांनी प्रत्येकी २. बेरीज ७०. ‘पावसामुळे काम थांबणे’ याला निम्म्या लोकांनी ३ आणि निम्म्यांनी ४ दिले. बेरीज पुन्हा ७०. कमाल १०० असल्याने दोन्हींचा आरआयआय ०.७०. तक्त्यात दोन्ही कारणे एकाच क्रमांकावर बसतात. एकावर सगळ्यांचे जवळपास एकमत आहे आणि दुसऱ्यावर उघड भांडण आहे, हे तक्त्याला दिसतच नाही.

२००२ मध्येच माहिती प्रणालीच्या क्षेत्रात आढावा लिहिण्याविषयी एक लेख आला. त्याने सांगितले, की लेखकवार लिहू नका, संकल्पनावार लिहा, आणि त्यासाठी उभ्या-आडव्या रकान्यांचा तक्ता करा. आज मार्गदर्शक हा तक्ता करायला सांगतात खरे, पण रकान्यांत कारणांची नावे भरली जातात : बिले, पाऊस, मजूर, नकाशातले बदल. मग ‘थीम’ म्हणजे तीच यादी नव्याने लिहिणे होते. प्रत्येक लेखापुढे निदान तीन वेगळे रकाने हवेत : अपयश म्हणजे काय धरले, कुठून मोजले, आणि कोणाला विचारले की कागद पाहिला.

गेल्या वर्षी पाथर्डी फाट्याजवळ राहणारी एम.ई.ची एक विद्यार्थिनी गृहप्रकल्पांच्या विलंबावरचे असे ३४ लेख घेऊन आली. तक्ता कारणवार होता आणि सगळे चौकोन भरलेले. ‘सर, गॅप कुठेच नाही,’ म्हणाली. वरचे तीन रकाने घालून आम्ही तोच तक्ता दोन संध्याकाळी पुन्हा भरला. ३४ पैकी २९ लेखांत विलंब म्हणजे उत्तर देणाऱ्याला वाटलेला विलंब. तारखांचे कागद पाहिलेले फक्त पाच, आणि पाचही मोठ्या सरकारी कामांवरचे. त्याचे कारण उघड आहे. केंद्राच्या नियमित अहवालात मूळ आणि सुधारित खर्च शेजारीशेजारी छापून मिळतो, पण तो १५० कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांचाच. गंगापूर रोडच्या सात मजली इमारतीची तिथे नोंद असणार नाही.

तिची नोंद दुसरीकडे असते. रेरा कायद्याखालची नोंदणी मे २०१७ पासून सुरू झाली आणि बिल्डरने जाहीर केलेली पूर्ततेची तारीख, तसेच पुढे सुधारलेली तारीख, संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. म्हणजे नाशिकच्या खासगी इमारतींसाठीही तारखांचा कागद हाताशी आहे. विद्यार्थिनीला वाटले, दोन तारखांची वजाबाकी केली की झाला विलंब.

इथे पुन्हा तोच शून्याचा प्रश्न आला. मे २०१७ ला जी कामे आधीच चालू होती, त्यांना नोंदणी करताना पूर्ततेची नवी तारीख देता आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही मुभा ग्राह्य धरली. त्यामुळे २०१२ ला पायाभरणी होऊन २०१५ चा ताबा कबूल केलेली इमारत नोंदीत २०१९ ला ‘वेळेत’ पुरी झालेली दिसू शकते. फ्लॅटधारकाच्या करारात २०१५ च असते. दुसरीकडे, २०२० च्या टाळेबंदीत सरसकट सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. ती वाढ वजा केली नाही, तर एका साथीचा विलंब प्रत्येक बिल्डरच्या खात्यावर जमा होतो.

म्हणून तिने २०१७ पूर्वीची कामे बाजूला ठेवली, टाळेबंदीचे सहा महिने वेगळ्या रकान्यात काढले, आणि आढावा तीन भागांत नव्याने लिहिला : मतावरून मोजलेला विलंब, करारापासून मोजलेला विलंब, आणि नोंदणीपासून मोजलेला विलंब. कारणे त्या त्या भागाच्या पोटात गेली. मजेची गोष्ट म्हणजे ‘परवानग्या उशिरा मिळणे’ हे कारण मतांच्या अभ्यासांत जवळजवळ सगळीकडे वर होते; नोंदणीपासून मोजणाऱ्या भागात ते येणे अवघडच, कारण बांधकाम परवानगी मिळाल्याशिवाय नोंदणीच होत नाही. तो विलंब घड्याळ सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो.

मापनाचा हा प्रश्न मेट्रो निओवरही येतो. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या या प्रकल्पासाठी २,०९२ कोटींचा आकडा जाहीर झाला आणि काम उभे राहिलेच नाही. एका विद्यार्थ्याने त्याला फसलेल्या प्रकल्पांत घातले होते. पण खर्चवाढ मोजायला खर्च नाही, विलंब मोजायला कार्यारंभ आदेश नाही. १९९४ च्या तीन गटांपैकी कुठल्याच गटात तो बसत नाही, आणि त्याच्या तक्त्यात ती ओळ शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

त्या विद्यार्थिनीच्या प्रकरणाचे शेवटचे वाक्य आता असे आहे : ‘खासगी गृहप्रकल्पांच्या विलंबाची कारणे आजवर प्रामुख्याने मतांवरून ठरवली गेली आहेत, नोंदलेल्या तारखांशी ती ताडून पाहिलेली नाहीत.’ नाशिकचे नाव त्या वाक्यात नाही. ते तिसऱ्या प्रकरणात, नमुना निवडीच्या परिच्छेदात आले आहे.