लाइफबोटीची चेकलिस्ट फिलिपिनोत आणायची तर: मंजुरी, पात्रता आणि कागदपत्रं

मुंबईतून चालवल्या जाणाऱ्या कित्येक परदेशी झेंड्याच्या जहाजांवर अधिकारी भारतीय आणि डेक-इंजिनावरचा बाकी क्रू फिलिपिनो असतो. लाइफबोटीच्या हुकापाशी उभं राहून तपासणी बहुतेक वेळा बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम किंवा एबी म्हणजे अनुभवी खलाशी करतो, सही थर्ड मेट किंवा चीफ ऑफिसर करतो आणि फॉर्म मात्र सगळा इंग्रजीत असतो. हा फॉर्म फिलिपिनोत द्यावा अशी मागणी सेफ्टी कमिटीच्या बैठकीतून आली, की पुढे काय करायचं याची ही माहिती. उदाहरणासाठी सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रकरण ३, नियम २० खालची लाइफबोटीची साप्ताहिक व मासिक तपासणी घेतली आहे, कारण भाषांतरातल्या चुकीचा फटका इथे सगळ्यात लवकर बसतो.

परवानगी कोणाची लागते

साधारणपणे अशा फॉर्मसाठी फ्लॅगचा, म्हणजे जहाज नोंदलेल्या देशाचा, किंवा क्लासचा, म्हणजे जहाज तपासून दर्जा देणाऱ्या संस्थेचा, वेगळा शिक्का लागत नाही. चेकलिस्ट कंपनीच्या सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिममधला कागद असते, म्हणून बदलही तिथूनच मंजूर होतो. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा, म्हणजे आयएसएम कोडचा, परिच्छेद ६.६ सांगतो, की क्रूला समजेल अशा कामाच्या भाषेत किंवा भाषांत ही माहिती मिळण्याची सोय कंपनीने करावी. परिच्छेद ११ कागदांच्या नियंत्रणाचा आहे: बदल अधिकृत माणसाने तपासून मंजूर केलेला हवा, चालू प्रत योग्य जागी हवी आणि जुनी प्रत लगेच काढलेली हवी. ऑडिटर पुढे याच तीन गोष्टी बघतो.

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा. सोलास प्रकरण ५, नियम १४ प्रमाणे जहाजाची कामाची भाषा ठरवून लॉगबुकात नोंदवलेली असते. ती इंग्रजी असेल तर तशीच राहू द्या. फिलिपिनो मजकूर तिच्या सोबतीला येतो, तिची जागा घेत नाही. उत्साहाच्या भरात कोणी कामाची भाषाच फिलिपिनो नोंदवली, तर ट्रेनिंग मॅन्युअल आणि फायर सेफ्टीच्या पुस्तिकाही त्याच भाषेत द्याव्या लागतात, आणि भारतीय चीफ ऑफिसरला त्या वाचता येत नाहीत.

म्हणून फक्त फिलिपिनोतला वेगळा फॉर्म मागू नये, द्विभाषिक मागावा. प्रत्येक ओळीत वर इंग्रजी, खाली फिलिपिनो, ओळीचा क्रमांक एकच आणि सहीचा रकाना एकच. नोंद आणि शेरा इंग्रजीत. तळाला एक वाक्य छापा: दोन मजकुरांत फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य. सोलासची फिलिपिनोत अधिकृत प्रत नाही, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या, सहा अधिकृत भाषांत फिलिपिनो नाही, त्यामुळे हे वाक्य फक्त शोभेचं नाही.

कोण काय करू शकतो

मागणी जहाजावरून मास्टर करू शकतो किंवा ऑफिसातून सुपरिंटेंडंट. भाषांतर करणाऱ्याची मातृभाषा फिलिपिनो असणं पुरत नाही, त्याने डेकवर काम केलेलं हवं. मनिलातल्या चांगल्या भाषांतर संस्थेकडूनही ‘पेंटर’ म्हणजे लाइफबोटीची दोरी याचा ‘पिंतोर’, म्हणजे रंगारी, झालेला परत येऊ शकतो. ‘फॉल्स’चं तर आणखी अवघड. बोट ज्या वायरवर उतरते ते फॉल्स, आणि ‘फॉल प्रिव्हेंटर डिव्हाइस’मधला फॉल म्हणजे पडणं. दोन्हीकडे ‘पागकाहूलोग’ लिहिलं, की पाच वर्षांच्या आत वायर बदलण्याची ओळ वाचणाऱ्याला भलतंच काही सांगते.

मसुदा तपासणारा दुसरा माणूस हवा, शक्यतो सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी असलेला फिलिपिनो डेक अधिकारी. उलट भाषांतर, म्हणजे फिलिपिनो मजकूर पुन्हा इंग्रजीत, तिसऱ्याने करायचं, आणि त्याने मूळ फॉर्म आधी पाहिलेला नसावा. पाहिलेला असला तर तो आठवणीतून लिहितो आणि चूक झाकली जाते. मंजुरी किनाऱ्यावरून जहाजाच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारा डेझिग्नेटेड पर्सन अशोर किंवा कंपनीने नेमलेला अधिकारी देतो.

अर्जासोबत काय जोडायचं

कंपनीच्या डॉक्युमेंट चेंज रिक्वेस्टला सहा गोष्टी जोडा: फॉर्म क्रमांक आणि रिव्हिजन दिसेल असा चालू इंग्रजी फॉर्म; बोट, हुक आणि बोट खाली सोडणारा डेव्हिट बनवणाऱ्यांच्या मेंटेनन्स मॅन्युअलची संबंधित पानं; शब्दसूची; द्विभाषिक मसुदा; तपासनिसाच्या सहीसह उलट भाषांतर; आणि जहाजावरच्या चाचणीची नोंद. मॅन्युअलची पानं बहुतेक अर्जांत राहून जातात. नियम ‘रिलीज गिअर नीट व पूर्ण रिसेट’ एवढंच म्हणतो, ते कशावरून ओळखायचं हे मॅन्युअल सांगतं.

शब्दसूची आधी, मसुदा नंतर

सूचीत पहिला गट न बदलणाऱ्या शब्दांचा. उपकरणावर जे नाव रंगवलेलं आहे तेच फॉर्मवर. लाइफबोट आणि रेस्क्यू बोट या सोलासमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बांगकांग पानसागीप’ असं सुंदर फिलिपिनो केलं तर दोन्हींना तेच नाव पडतं. हुक, डेव्हिट, वजन असतानाही हुक सोडणारा ऑन-लोड रिलीज गिअर हे शब्द फिलिपिनो खलाशी रोज बोलतो, त्यांचं भाषांतर त्यालाच परकं वाटेल. शिवाय इलोइलो किंवा सेबूहून आलेल्या क्रूची घरची भाषा हिलिगायनोन किंवा सेबुआनो असते आणि फिलिपिनो शाळेत शिकलेली. त्याला पुस्तकी शब्दांपेक्षा डेकवरचा इंग्रजी शब्दच जवळचा.

दुसरा गट अधिकाराचा, आणि सगळ्यात जास्त वेळ याच गटाला द्या. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या आयएमओच्या एमएससी.४०२(९६) या ठरावात ‘इन्स्पेक्शन’ आणि ‘थरो एक्झॅमिनेशन’ वेगळे आहेत. साप्ताहिक व मासिक इन्स्पेक्शन वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जहाजाचा क्रू करू शकतो. वार्षिक थरो एक्झॅमिनेशन आणि ऑपरेशनल टेस्ट उत्पादकाच्या किंवा अधिकृत सर्व्हिस प्रोव्हायडरच्या प्रमाणित माणसानेच करायची. फिलिपिनोत दोन्हींना सहज ‘पागसुसूरी’ होतं. मग क्रूने महिन्याचं काम केलं आणि त्या शब्दापुढे खूण केली, की वार्षिक कामही झाल्याचा भास होतो. बंदरात परदेशी जहाजं तपासणारा पोर्ट स्टेट कंट्रोलचा अधिकारी सर्व्हिस रिपोर्ट मागतो आणि तो नसतो. इन्स्पेक्शनला ‘इन्स्पेक्सियोन’ ठेवा आणि थरो एक्झॅमिनेशन तसंच इंग्रजीत राहू द्या.

तिसरा गट बंधनाचा. ‘शॅल’ आणि ‘शुड’ या दोन्हींना बोलीत ‘दापात’ चालून जातं. सूचीत ठरवून टाका: सक्तीला ‘काइलांगान’, शिफारशीला ‘इपिनापायो’, मुभेला ‘माआआरी’. ‘दापात’ फॉर्ममधून काढूनच टाकलेला बरा.

एक ओळ शेवटपर्यंत

नियम २०.६ प्रमाणे दर आठवड्याला हुकांची स्थिती, बोटीला असलेली त्यांची जोडणी आणि ऑन-लोड रिलीज गिअर नीट व पूर्ण रिसेट आहे का, हे बघायचं असतं. पहिल्या मसुद्यात बहुधा ‘ना-रिसेट ना आंग हुक’ असं येतं. यात तीन चुका आहेत. रिसेट गिअरचा व्हायला हवा, इथे हुकाचा लिहिलाय. ‘नीट व पूर्ण’ गळालंय. आणि ‘ना-रिसेट’ म्हणजे रिसेट करून झालं, कोणीतरी कधीतरी हँडल फिरवलं. आत्ता या क्षणी ते त्या स्थितीत आहे, यासाठी फिलिपिनोत ‘नाका-’ लागतं. दुरुस्त ओळ: ‘नाका-रिसेट बा नांग तामा आत गानाप आंग ऑन-लोड रिलीज गिअर?’

हा कीस काढायचं कारण हुकाच्या रचनेत आहे. हुक बाहेरून मिटलेला दिसतो, पण आतला कॅम पूर्ण फिरलेला नसला तर बोटीचं वजन येताच तो सुटू शकतो आणि बोट एका टोकाने खाली जाते. म्हणून ओळीखाली मॅन्युअलमधली खूण लिहा: त्या मेकच्या हुकावर इंडिकेटर कुठे हवा, हँडल कुठे, सेफ्टी पिन कुठे. चित्र असेल तर उत्तमच. सोलासचा नियम ३६ मेंटेनन्सच्या सूचना सहज समजणाऱ्या आणि शक्य तिथे सचित्र असाव्यात असं म्हणतोच.

त्याच नियमातली इंजिनाची ओळ: एकूण किमान ३ मिनिटं चालवणं, बाहेरचं तापमान इंजिन सुरू होण्याच्या किमान मर्यादेच्या वर असेल तर. मसुद्यात ‘मगा ३ मिनूतो’ आलं तर थांबा. नामाआधी ‘मगा’ अनेकवचन दाखवतो, पण आकड्याआधी आला की अर्थ ‘अंदाजे’ होतो. लिहायचं ‘हिंदी बाबाबा सा ३ मिनूतो’, म्हणजे ३ मिनिटांपेक्षा कमी नाही. तापमानाची अट गाळू नका, आणि गिअरबॉक्स नीट गुंततो का हे याच वेळात बघायचं असतं, तेही ओळीत राहू द्या.

नकारार्थी प्रश्न सरळ बाद करा. ‘गंज नाही ना?’ असं विचारलं तर मराठीत ‘हो’ म्हणजे गंज नाही. फिलिपिनोतलं ‘ओओ’ही तसंच चालतं, पण इंग्रजीत फॉर्म वाचणारा ‘येस’ उलटा घेतो. ‘गंजमुक्त आहे’ असं होकारार्थी विधान ठेवलं की घोळ होत नाही.

चाचणी, मंजुरी आणि नंतर

उलट भाषांतर मूळ फॉर्मशी ओळीनुसार जुळवा. शब्द जुळायला हवेत असं नाही; आकडा, अट, काम करणारा आणि बंधनाची पातळी हे चार जुळलेच पाहिजेत. मग मसुदा एका जहाजावर पाठवा आणि सांगा, की एबीने फक्त फिलिपिनो ओळ वाचायची, हुकापाशी जाऊन काय बघणार ते हात लावून दाखवायचं. अधिकाऱ्याने इंग्रजी ओळ समोर ठेवून ते नोंदवायचं. ‘समजलं का’ असं विचारून काही कळत नाही. फिलिपिनो क्रू अधिकाऱ्याला सहसा ‘येस सर’च म्हणतो. आपल्याकडेही याहून वेगळं नसतं.

मंजुरी मिळाली की इंग्रजी आणि फिलिपिनोला एकच रिव्हिजन क्रमांक द्या आणि जुना फॉर्म मागे घेतल्याची मास्टरची पोच मागवा. लाइफबोटीत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेली आणि बोसन स्टोअरच्या दाराला चिकटवलेली प्रत हमखास सुटते, तिचा पोचपावतीत नावाने उल्लेख असू द्या. पुढे इंग्रजी फॉर्मची एक ओळ बदलली किंवा ड्रायडॉकमध्ये हुक दुसऱ्या मेकचा बसवला, तरी फिलिपिनो ओळ नव्याने याच वाटेने जाते. ती तयार होईपर्यंत त्या ओळीचा फिलिपिनो रकाना कोरा ठेवायचा, जुना मजकूर नाही.