गिट आणि गिटहब : भेद व साठवणुकीचे स्थान

गिट ही फायलींतील बदलांचा इतिहास ठेवणारी, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालणारी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली आहे. गिटहब, गिटलॅब व बिटबकेट या गिटच्या रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फायली व त्यांचा इतिहास यांचे साठे, महाजालावर ठेवून देणाऱ्या सेवा आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांत प्रकल्पाचा कोड ‘गिटहबवर टाका’ अशा सूचनेतूनच पुष्कळ विद्यार्थ्यांची गिटशी पहिली ओळख होते आणि त्यामुळे दोन्ही एकच असल्याचा समज रुजतो.

हा समज कालक्रमालाही धरून नाही. लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, विकासकांना बिटकीपर ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली विनामूल्य वापरू देणारी सवलत २००५ मध्ये काढून घेण्यात आली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी गिट लिहिण्यास घेतले. त्याच्या जन्माची तारीख कोणती मानावी याविषयी एकवाक्यता नाही. काम सुरू झाल्याचा दिवस म्हणून ३ एप्रिल २००५ सांगितला जातो, तर काही जण त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील १.० ही आवृत्ती प्रमाण मानतात. ७ एप्रिल ही तारीख त्यातल्या त्यात अधिक ग्राह्य वाटते, कारण त्या दिवसाची पहिली नोंद गिटच्याच रेपॉझिटरीत आहे आणि ती कोणालाही तपासून पाहता येते. गिटहबचा आरंभही कोठे २००७, तर कोठे २००८ असा दिलेला आढळतो. सेवा सर्वांसाठी खुली झाल्याचे वर्ष धरल्यास २००८ हेच योग्य ठरते. कोणतीही तारीख स्वीकारली तरी गिट हे गिटहबच्या आधी दोन-तीन वर्षे वापरात होते. कर्नलमधील बदल तर आजही मुख्यतः ई-मेलद्वारेच पाठविले जातात.

प्रकल्पाचा सारा इतिहास त्याच्या फोल्डरमधील `.git` या लपलेल्या उपफोल्डरात असतो. कमिट केल्यावर, म्हणजे बदल इतिहासात जमा केल्यावर, त्याची नोंद तेथेच होते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, की कोणत्याही सेवेवर खाते लागत नाही. `user.name` व `user.email` यांनी कमिटवर नाव उमटते, परंतु ते लॉगिन नव्हे. सेवेच्या सर्व्हरवर त्याच इतिहासाची दुसरी प्रत असते आणि आपले कमिट पुश केल्याखेरीज, म्हणजे सर्व्हरकडे पाठविल्याखेरीज, तिच्यात पोचत नाहीत.

खरा गोंधळ `origin/main` या नावापाशी होतो. ते सर्व्हरवरील ब्रँचचे, म्हणजे इतिहासाच्या शाखेचे, नाव वाटते. प्रत्यक्षात, शेवटच्या संपर्काच्या वेळी सर्व्हरवरील `main` कोठे होती याचे ते आपल्याच संगणकावरील टिपण आहे. समजा, एका विद्यार्थिनीने नांदेडच्या वसतिगृहात नेट बंद असताना लॅपटॉपवर दोन कमिट केले. `git log` मध्ये ते दिसतात, गिटहबच्या पानावर मात्र दिसत नाहीत. स्थिती विचारल्यास उत्तर असे येते :

```
$ git status -sb
## main...origin/main [ahead 2]
```

येथील `ahead 2` याचा अर्थ दोन कमिट अद्याप केवळ या लॅपटॉपवर आहेत. नेट आल्यावर तिने `git push` केले आणि हदगावला घरी जाऊन तेथील संगणकावर `git status` पाहिले. तेथे मात्र असे दिसले :

```
Your branch is up to date with 'origin/main'.
```

हे वाक्य वाचून पुश अयशस्वी झाल्याचा ग्रह होतो, परंतु `git status` सर्व्हरला काहीच विचारत नाही. घरच्या संगणकावरील जुन्या टिपणाशीच ते तुलना करते. `git fetch` चालविल्यावर टिपण अद्ययावत होते आणि आपली ब्रँच दोन कमिटनी मागे असल्याचे कळते. त्यानंतर `git pull` केले की फायलींत बदल उतरतात.

पुश केल्याने सर्वच काही वर जाते असेही नाही. तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल म्हणजे स्टॅश, ब्रँचच्या हालचालींची स्थानिक नोंद म्हणजे रीफ्लॉग, ठरावीक क्रियांच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट म्हणजे हुक, रेपॉझिटरीची स्थानिक मांडणी आणि कमिट न केलेले बदल संगणकावरच राहतात. आवृत्तीची खूण म्हणून कमिटला दिलेले टॅगही साध्या `git push` ने जात नाहीत, ते वेगळे पाठवावे लागतात. वसतिगृहातील लॅपटॉप फॉरमॅट झाल्यास एवढे सारे नष्ट होते. उलटपक्षी त्रुटी व सूचनांच्या नोंदी म्हणजे इश्यू, बदल सामील करून घेण्याच्या विनंतीवरील म्हणजे पुल रिक्वेस्टवरील चर्चा, सभासदांचे अधिकार व इतरांनी सेवेवर घेतलेल्या प्रतींची म्हणजे फोर्कची नोंद सेवेच्या स्वतःच्या माहितीसाठ्यात असते आणि क्लोन केल्याने, म्हणजे रेपॉझिटरीची प्रत उतरवून घेतल्याने, ती संगणकावर येत नाही. सेवा बंद पडली तर ही माहिती जाते. कोडचा इतिहास मात्र प्रत्येक पूर्ण क्लोनमध्ये टिकून राहतो. `--depth 1` देऊन केलेला क्लोन याला अपवाद आहे, कारण त्यात केवळ अखेरचा कमिट उतरतो.

दूरस्थ प्रत अशा सेवेवरच असली पाहिजे असे गिटचे बंधन नाही. प्रयोगशाळेतील दुसरा संगणक किंवा पेन ड्राइव्हवर `git init --bare` ने तयार केलेले फोल्डरही `git remote add` ने जोडता येते, आणि पुश व फेच तेथेही तसेच चालतात. पुल रिक्वेस्टचे पान तेवढे तेथे मिळत नाही.